ऑपरेटरविना

जमालुद्दीन मुकादम यांच्या टेबलावर तीन शिक्के असत. एक ‘मंजूर’चा, एक ‘फक्त माहितीसाठी’चा आणि तिसरा, लाल शाईचा, ‘रद्द’चा. जुबैलमधल्या आमच्या कंपनीत ते डॉक्युमेंट कंट्रोलर होते, म्हणजे कुठलंही ड्रॉइंग, कुठलाही तपासणी अहवाल त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय साइटवर पोचत नसे. त्याच पोर्टाकेबिनमध्ये मी प्लॅनिंगला होतो. आमची टेबलं एकमेकांना चिकटून होती, त्यामुळे माझी अर्धी नोकरी त्यांचं बोलणं ऐकण्यात गेली.

माणूस दापोली तालुक्यातल्या खाडीकाठचा. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेला, पुढचं सगळं सौदीत. शिक्क्यांच्या बाबतीत ते हट्टी होते. ड्रॉइंग बदललं की जुनं फाडायचं नाही. त्यावर लाल शिक्का मारायचा, नव्यावर रेव्ह. १, म्हणजे पहिली सुधारणा, लिहायचं आणि दोन्ही फायलीत ठेवायची. “फाडलास तर चूक कुठं झाली ता कोणाला कळणार?” असं ते विचारत. उत्तराची त्यांना गरज नसे.

त्यांचा दुसरा उद्योग म्हणजे ‘जुबैल-कोकण खबर’ हे फेसबुक पान. अकरा हजार माणसं ते वाचत. कोण वारलं, कुणाचा इकामा म्हणजे राहण्याचा परवाना हरवला, मुंबईचं विमान कधी सुटणार, निताकातचा, म्हणजे सौदीकरणाचा, नवा नियम काय, सगळं त्यावर असे. मयताच्या बातम्या जमालभाई अगदी साध्या लिहीत. आनंदाची बातमी आली मात्र की त्यांच्या अंगात शाळेतले गुरुजी संचारत. मग मुलगा बारावी पास होत नसे, तो ‘देदीप्यमान यश संपादन’ करी. माझ्याकडे शुद्धलेखनाला आलेल्या पोस्टमधले देदीप्यमान मी कितीदा काढले असतील, पण पानावर टाकताना ते परत येतच. मी चिडायचो आणि ते हसायचे.

ही गोष्ट २०२२च्या डिसेंबरातली. हाशम सोलकर हा आमचा इन्सुलेशनचा फोरमन. गरम पाइपांवर दगडी लोकर गुंडाळून वर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवायचा आणि तपासणीच्या वेळी तोच पत्रा उघडून द्यायचा, हे त्याने सत्तावीस वर्षं केलं. त्याच्या जागी आता सौदी माणूस येणार होता आणि जानेवारीअखेर हाशमला कायमचं घरी पाठवणारा फायनल एक्झिट लागणार होता. त्याची लेक लाइबा जुबैलमध्येच वाढलेली, आता पनवेलला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला होती. सुट्टीला ती आईबापाकडे आली ती भारत सरकारचं पेटंट घेऊनच. लॉकडाउनमध्ये तिने अर्ज केला होता आणि त्या शरदात मंजुरी आली होती. बाप जाता जाता पोरीचं नाव झालं म्हणून जुबैलमधल्या गावकऱ्यांच्या जमातीने ठरवलं की शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर एक इस्तिराहा, म्हणजे समारंभाची बाग, भाड्याने घ्यायचा, सगळ्यांनी जेवायचं आणि लाइबाचा सत्कार करायचा. गावाकडे निघण्याआधीचा हाशमचा हा शेवटचा मोठा शुक्रवार. तो बोलला नाही, पण त्याने नवीन पायघोळ कंदुरा शिवायला टाकल्याचं आम्हाला शिंप्याकडून कळलं.

पेटंटचा कागद जमालभाईंच्या हातात रविवारी पडला. लाइबाने इंग्रजी सारांश व्हॉट्सॲपवर पाठवला होता. मी तेव्हा दोन दिवस अबकैकच्या साइटवर गेलो होतो. नाहीतर पुढचं झालं नसतं, असं मला अजून वाटतं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी स्वतःच भाषांतर केलं आणि टाकलं:

“अभिमानास्पद! समाजाची सुकन्या कु. लाइबा हाशम सोलकर हिच्या, आच्छादनाखालील आर्द्रतेचे अपरिवर्तनीय निर्देशन करणाऱ्या संयंत्रास जागतिक पेटंट प्राप्त. विजेविना व ऑपरेटरविना कार्य करणारे हे संयंत्र मनुष्यबळाची प्रचंड बचत करून गंजाचा कायमचा नायनाट करील.”

पहिल्या तासात तीनशे माशाअल्ला आले. दुसऱ्या तासात कुणीतरी विचारलं, “ऑपरेटरविना म्हणजे?”

बाहेरच्या माणसाला यात काही दिसणार नाही. पेटंटच्या भाषेत ऑपरेटर म्हणजे वस्तू हाताळणारा कुणीही. जुबैलमध्ये मात्र ऑपरेटर हा इकाम्यावर लिहिलेला पेशा आहे. प्लांटच्या पाळ्या चालवणारी ती माणसं, आणि त्यातले कितीतरी आमच्या कोकणातले. त्याच आठवड्यात कंपनीने नोटीस लावली होती की कंत्राटी ऑपरेटरांच्या जागा मार्चपर्यंत सौदी मुलांना जातील. लोक ती नोटीस वाचून घरी येत होते आणि फोन उघडून आपल्याच गावच्या मुलीचं ‘ऑपरेटरविना’ चालणारं ‘संयंत्र’ बघत होते.

संध्याकाळपर्यंत पानावर ट्रकएवढं यंत्र उभं राहिलं होतं. ते कुणी बघितलं नव्हतं, पण किती माणसं खाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. अल खफजीहून एकाने लिहिलं, “सौदीकरण काय कमी होतं, आता घरचंच आलं.” हाशमला फोन यायचे थांबले. मंगळवारी मेसमध्ये त्याच्या टेबलावर फक्त त्याचा डबा होता.

मंगळवारीच इसहाकचा फोन आला. इसहाक जमातीचा सेक्रेटरी, पेशाने ऑपरेटर, मार्चच्या यादीत नाव असलेला. जमालभाईंनी फोन स्पीकरवर टाकला, कारण त्यांच्या डाव्या कानाला ऐकू येत नसे.

“जमालभाई, मी शुक्रवारी येणार नाय.”

“का रे?”

“माझी नोकरी काढणाऱ्या मशिनीला मी शाल घालू? आणि मी एकटा नाय. अर्धी जमात येणार नाय. हाशमला सांगा, वाईट वाटून घेऊ नको.”

“अरे, पोरीचा काय दोष?”

“दोष नाय. पण यायला पाय उचलत नाय. खलास.” फोन बंद.

जमालभाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग माझ्याकडे फोन सरकवला. मी पोस्ट वाचली, खालचा इंग्रजी सारांश वाचला आणि मला राग आला. त्यांच्यावरही आणि अबकैकला गेलेल्या माझ्यावरही.

“जमालभाई, यात ‘ऑपरेटर’चा अर्थ प्लांटचा ऑपरेटर नाहीये. याला चालवायला कुणी बसावं लागत नाही, एवढंच लिहिलंय. जसं छत्रीला ऑपरेटर लागत नाही.”

“बरं. आणि?”

“‘जागतिक’ तुम्ही घातलंत. कागदावर फक्त भारत आहे. ‘गंजाचा नायनाट’ही तुमचाच. ‘संयंत्र’ म्हणजे काय, किती मोठं आहे हे?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “मना कसा म्हायत? मी बघितलाच नाय.”

पंचवीस वर्षांत त्यांनी न बघता एका कागदावरही शिक्का मारला नसेल. आनंदाच्या बातमीवर मात्र मारला होता. ते त्यांना लागलं.

मग्रिबची नमाज झाल्यावर आम्ही दोघं हाशमच्या घरी गेलो. दार त्याच्या बायकोने, खतीजाभाभींनी उघडलं. हाशम सोफ्यावर बसला होता, टीव्ही चालू, आवाज बंद. लाइबा जमिनीवर बसून फोनवरच्या कमेंट वाचत होती आणि तिचे डोळे सुजले होते.

जमालभाई म्हणाले, “बेटा, तुझी मशीन दाखव.”

ती आत गेली आणि मुठीत काहीतरी घेऊन आली. अंगठ्याएवढं रबरी बूच, एका टोकाला वात, दुसऱ्या टोकाला छोटी काच. जमालभाईंनी ते उलटंसुलटं केलं, मग माझ्याकडे दिलं, मग परत घेतलं.

“एवढीच?”

“एवढंच, चाचा.”

“आणि मी संयंत्र लिहिला.” त्यांना हसूही येईना.

लाइबा समजावू लागली. मराठीत सुरू झाली, हिंदीत गेली, मधून इंग्रजी शब्द येऊ लागले. मॉइश्चर, कॅपिलरी, इर्रिव्हर्सिबल. जमालभाई मान डोलावत होते आणि त्यांना काहीही कळत नव्हतं, हे मला डोलावण्याच्या वेगावरून कळत होतं. शेवटी खतीजाभाभी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, “तीन दिस झाले, मी सगळ्यांना पोस्ट पाठवतेय. मलाही खरं काय ता ठावं नाय. मला सांग ना, जशी मला सांगशील तशी.”

लाइबा थांबली. आईकडे बघून म्हणाली, “अम्मी, माझी लाल ओढणी आठवते? तुम्ही अब्बांच्या पांढऱ्या कपड्यांत भिजवली होती ती?”

“आठवते ना. सगळे कपडे गुलाबी झाले. वाळवले तरी डाग गेला नाय.”

“बस. तेच आहे हे.”

जमालभाईंनी खिशातून वही काढली. “परत सांग. हळू.”

या वेळी तिने आईला सांगितलं आणि ते लिहीत गेले. दोनदा त्यांनी तिला थांबवलं. एकदा विचारलं, “याने गंज थांबतो?” ती नाही म्हणाली. “गंज दिसतो?” त्यालाही नाही. आत पाणी शिरलं होतं, एवढंच ते सांगतं. उघडून बघायला माणूस लागतोच. त्यांनी ‘नायनाट’ शब्द वहीतल्या रविवारच्या मजकुरातून आधीच खोडला होता, तरी परत एकदा रेघ मारली.

मग ते आनंदाने म्हणाले, “झाला तर. ऑपरेटरचा यात काय नाय. कोणाचं काम जाणार नाय, असा लिहितो. इसहाकला पटेल.”

 हाशम घाईने म्हणाला, “हां. तेवढाच लिही. शुक्रवार होऊन जाऊ दे.”

लाइबाने बापाकडे पाहिलं. “पर वो सच नहीं है, अब्बा.”

 मग ती मराठीत म्हणाली, अडखळत, “ऑपरेटरचं काम जाणार नाही. पण तुमच्या गँगचं कमी होईल. आता तुम्ही अंदाजाने उघडता. हे लावलं तर जिथे लाल झालं, तिथेच आधी उघडतील. मी तेवढ्यासाठीच तर बनवलं.”

“मना ठावं हाय,” हाशम म्हणाला. “मना पयल्या दिवसापासून ठावं हाय. पण ता फेसबुकवर कशाला?”

जमालभाईंनी वही मिटली. मला वाटलं, ते हाशमचं ऐकतील. तीस वर्षांची ओळख, एकाच गावचे, आणि शुक्रवार तीन दिवसांवर. मी त्यांच्या जागी असतो तर ऐकलं असतं, हे मी लपवत नाही.

ते म्हणाले, “हाशम, गेल्या शटडाउनला किती ठिकाणी उघडलात?”

“एकशे चाळीस.”

“ओलं किती?”

हाशम टीव्हीकडे बघू लागला.

“अकरा. सगळे अहवाल माझ्याकडे आले. एकशे एकोणतीस कागदांवर ‘कोरडे’ लिहिलेला, त्या सगळ्यांवर मी शिक्का मारला. ऑगस्टचा महिना होता. तुझा तो बिहारचा हेल्पर स्कॅफोल्डिंगवर चक्कर येऊन पडला, ती जागा कोरडी निघाली. तिचाही कागद माझ्याकडे हाय.”

हाशमने टीव्ही बंद केला. पुढे फक्त एवढंच म्हणाला, “तुला लिवायचा ता लिव.” त्यात परवानगी होती की राग, मला आजही सांगता येणार नाही.

बुधवारी सकाळी जमालभाईंनी पोस्ट माझ्यासमोर ठेवली. मी एक वेलांटी सुधारली, बाकी काही केलं नाही. जुनी पोस्ट काढून टाका, असं केबिनमधल्या दोघातिघांनी सुचवलं. त्यांनी काढली नाही. तिच्यावर ‘रद्द’च्या लाल शिक्क्याचा फोटो जोडला आणि नवी टाकली:

“रेव्ह. १. रविवारची पोस्ट रद्द. चूक माझी आहे, लाइबाची नाही. मी वस्तू न बघता लिहिलं.

लाइबाने बनवलेली वस्तू अंगठ्याएवढं बूच आहे. गरम पाइपावर लोकर असते, वर पत्रा असतो. पत्र्याच्या सांध्यातून पाणी आत जातं, लोकर भिजते, पत्र्याआड पाइप गंजतो आणि बाहेरून दिसत नाही. पाणी खाली उतरतं. म्हणून पत्र्याच्या सगळ्यात खालच्या जागी भोक पाडून हे बूच बसवायचं. त्याची वात आतली ओल खाली ओढते. वातीखाली कच्च्या रंगाची वडी आहे आणि तिच्याखाली पांढरी चकती. ओल आली की रंग चकतीवर उतरतो. पाइप गरम असल्यामुळे ओल पुढे वाळते, पण डाग राहतो. कच्च्या रंगाची ओढणी पांढऱ्या कपड्यांत भिजली तर वाळल्यावर डाग जातो का? तसंच. खालून चालणारा माणूस काचेतून लाल डाग बघतो.

याला वीज लागत नाही. याला चालवायला कुणी बसत नाही. मी ‘ऑपरेटरविना’ लिहिलं ते याबद्दल होतं, प्लांटच्या ऑपरेटरांबद्दल नव्हतं. त्यांच्या कामाशी या बुचाचा संबंध नाही.

हे गंज थांबवत नाही. आत पाणी आलं होतं, एवढंच सांगतं.

पेटंट म्हणजे काय? ही युक्ती नवी आहे आणि हिची आहे, हे सरकारने तपासून मान्य केलं. अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं हिला विचारल्याशिवाय ती कुणी बनवू-विकू शकत नाही. फक्त भारतात. सौदीत नाही. मी ‘जागतिक’ लिहिलं ते चूक. ही वस्तू कुठल्या कंपनीने घेतलेली नाही.

याने कुणाचं काम कमी होईल का? हो. इन्सुलेशन उघडणाऱ्यांचं होईल. गेल्या खेपेला एकशे चाळीस जागा उघडल्या, अकरा ओल्या निघाल्या. बूच असतं तर बऱ्याच जागी चढावं लागलं नसतं. कुणाच्या नोकऱ्या जातील, हे मला ठाऊक नाही. जाणार नाहीत, असं मी लिहिणार नाही.

शुक्रवारी जुम्यानंतर जेवण आहे. यायचं त्यांनी यावं. जमालुद्दीन मुकादम.”

या पोस्टला माशाअल्ला कमी आले. प्रश्न पुष्कळ आले. वात किती दिवस टिकते, पाऊस पडला तर बाहेरून भिजेल का, लाल झाल्यावर बूच बदलायचं का. प्रश्न विचारणारे बहुतेक इन्सुलेशनवालेच होते. लाइबा एकेकाला उत्तर देत बसली. इसहाकने काही लिहिलं नाही.

शुक्रवारी मी जमालभाईंच्या गाडीतून गेलो. शंभर माणसांचं जेवण सांगितलं होतं. सतरंज्यांवर चाळीसेक बसली होती. हाशमची गँग आली होती, बिहारचा हेल्परही होता. ऑपरेटरांपैकी चारपाच जणच. हाशम नव्या कंदुऱ्यात पाठ ताठ करून बसला होता आणि रिकाम्या सतरंज्यांकडे बघायचं टाळत होता. मला त्याची फार दया आली. बायकांच्या बाजूला लाइबा खतीजाभाभींजवळ बसली होती. शाल जमालभाईंच्या मांडीवर होती, कारण ती द्यायची ती सेक्रेटरीने आणि सेक्रेटरीचा पत्ता नव्हता.

कुराणपठण झालं. जमालभाई म्हणाले, “हाशम, दोन शब्द बोल.” हाशमला बोलायची सवय नव्हती. तो उठला आणि कंदुऱ्याच्या सुरकुत्या सारख्या करू लागला. तेवढ्यात दारात चपलांचा आवाज झाला आणि इसहाक आत येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. बसला नाही.

हाशम त्याच्याकडे बघूनच बोलू लागला.

“मी सत्तावीस वर्षं पत्रा उघडला. हेच माझं काम. माझ्या पोरीनं माझंच काम कमी केलं. दुसऱ्या कोणाच्या पोरीनं केलं असतं तर मी पण आलो नसतो.” तो थांबला. “मंगळवारी मी जमालला बोललो, खोटं लिव. माझी इज्जत राहील. तो नाय लिवला. पोरगी पण ‘नाय’ बोलली. माझ्यात ती हिंमत नव्हती, तिच्यात कुठून आली मना ठावं नाय. तुमच्यापैकी ज्याचं काम जाईल त्याची मी माफी मागतो. तिची शरम मना वाटत नाय.”

 तो खाली बसला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवायला हव्या होत्या की नाही, कुणाला समजत नव्हतं, मलाही नाही.

जमालभाई शाल घेऊन उठू लागले. गुडघे दुखत असल्यामुळे त्यांना वेळ लागला. ते उभे राहायच्या आत इसहाक सतरंज्या ओलांडून पुढे आला. यादीतलं त्याचं नाव तसंच होतं, मार्चमध्ये तो जाणार होता आणि या बुचाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, हे आता त्याला ठाऊक होतं.

“शाल हिकडे द्या, जमालभाई,” तो म्हणाला. “सेक्रेटरी मी हाय.”